दावं: एका लघुपटाची लॉगलाइन आणि एकपानी सिनॉप्सिस, मसुद्यागणिक

हे प्रकरण एका कल्पनेचं आहे. कल्पना या अभ्यासासाठीच रचली आहे, पण तिच्यावर झालेल्या चुका रोजच्या आहेत. कोल्हापुरातल्या पुरावर चौदा मिनिटांचा लघुपट करायचा आहे, स्थानिक निर्मात्यापुढे मांडायचा आहे, आणि हातात दोनच गोष्टी न्यायच्या आहेत: गोष्ट एका वाक्यात सांगणारी लॉगलाइन आणि तीच गोष्ट ए-फोर आकाराच्या एका पानात उलगडणारा सिनॉप्सिस. पटकथा अजून लिहिलेली नाही. ती लिहिण्याआधीच हे पान नीट झालं, तर पटकथेतली निम्मी भांडणं इथंच मिटतात.

मूळ कल्पना एवढीच होती: पंचगंगेला पूर, शुक्रवार पेठेतला गोठा, म्हातारा गवळी, त्याची म्हैस. त्यावरून पहिली लॉगलाइन अशी झाली:

*कोल्हापूरच्या महापुरात माणूस आणि मुक्या जनावराच्या अतूट नात्याची हृदयस्पर्शी कहाणी.*

याला लॉगलाइन म्हणता येत नाही. हा विषय आहे आणि त्यावर लेखकानं स्वतःच दिलेला अभिप्राय आहे. ‘हृदयस्पर्शी’ हे वाचणाऱ्यानं म्हणायचं असतं. तपासायची सोपी रीत अशी की म्हशीच्या जागी बैल, कुत्रा किंवा घोडा घालून बघायचा. वाक्य तसंच चालत असेल, तर त्यात आपला सिनेमा नाही. कोण आहे, त्याला काय हवंय, काय आडवं येतंय, यातलं एकही उत्तर या ओळीत सापडत नाही.

दुसऱ्या खेपेला ही तिन्ही उत्तरं भरली, आणि वाक्य असं झालं:

*जेव्हा पंचगंगेला महापूर येतो आणि पाणी गोठ्यात शिरतं, तेव्हा आपल्या लाडक्या गाभण म्हशीला सोडून जायला तयार नसलेल्या एका हट्टी वृद्ध गवळ्याला आपल्या नातीच्या आणि म्हशीच्या जिवामध्ये निवड करावी लागते.*

इथं दोन वेगळे दोष आहेत. पहिला बांधणीचा. लॉगलाइनचा जो साचा सगळीकडे शिकवला जातो तो इंग्रजीतला आहे: अमुक घडतं तेव्हा तमुक माणसाला अमुक करावं लागतं. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद लवकर भेटतात आणि उरलेलं वाक्य त्यांच्यामागून येतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ‘गवळ्याला’ या शब्दापर्यंत पोचेस्तोवर ‘लाडक्या’, ‘गाभण’, ‘तयार नसलेल्या’, ‘हट्टी’, ‘वृद्ध’ एवढी ओझी डोक्यावर घेऊन चालावं लागतं. मोठ्यानं वाचलं की मध्येच दम लागतो, आणि निर्मात्यासमोर हे वाक्य बहुतेक वेळा तोंडीच सांगायचं असतं. मराठीत दोन-तीन छोटी वाक्यं अर्धविरामानं जोडली, तर तोच मजकूर सरळ चालतो. एक वाक्य म्हणजे एकच क्रियापद, असा काही नियम नाही.

दुसरा दोष गोष्टीचा आहे आणि तो जास्त महाग पडतो. नात की म्हैस, ही निवडच खोटी आहे. कुठलाही आजोबा नातीलाच वाचवणार, हे वाचणाऱ्याला दुसऱ्या सेकंदाला ठाऊक असतं. मग चौदा मिनिटं बघायचं काय? ‘हट्टी’ हा शब्दही इथं भोक झाकायला आला आहे. माणूस हट्टी आहे म्हणून हलत नाही, याचा अर्थ तो का हलत नाही ते लेखकाला अजून सापडलेलं नाही.

तिसरी ओळ जरा फसवी निघाली:

*शेवटची बोट फक्त माणसं नेणार आहे. म्हैस दाव्याला, नात हाताला. म्हातारा कुणाला सोडणार?*

ऐकायला छान आहे. पोस्टरवर चालेल. पण ही टॅगलाइन झाली. टॅगलाइन प्रेक्षकाला तिकिटाकडे ओढते. लॉगलाइन पैसे घालणाऱ्याला सांगते की या यंत्रात कोणतं चाक कोणत्या चाकाला फिरवतं. प्रश्नचिन्हानं संपणारी लॉगलाइन बहुधा टॅगलाइनच असते. तरी या ओळीनं एक काम केलं, दावं समोर आणलं. जनावर बांधायची ती दोरी हीच या सिनेमाची वस्तू आहे, हे इथं कळलं.

मग प्रश्न उलटा विचारला: म्हातारा दावं का सोडत नाही? पुरात बांधलेलं जनावर बुडतं आणि मोकळं सोडलेलं पोहून निघू शकतं, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणजे त्याला माहीत असून तो सोडत नाही. तसं असेल तर कारण एकच पटण्यासारखं उरतं, पूर्वी त्यानं सोडलं होतं आणि म्हैस परत आली नव्हती. कोल्हापुरानं 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये, दोन वर्षांच्या आत, दोन मोठे पूर पाहिले. गोष्टीला हवा असलेला ‘मागचा पूर’ शहराच्या आठवणीत तयारच होता. नातीचं स्थानही बदललं. ती आता वाचवायची वस्तू राहिली नाही. आजोबा हलत नाहीत तोवर मीही हलणार नाही, असं म्हणणारी ती आडकाठी झाली. आता दोन हट्ट एकमेकांत अडकले, आणि दोघांनाही कारण आहे.

*मागच्या पुरात दावं सोडलं नि म्हैस वाहून गेली; या पुरात म्हातारा गवळी व्यायला आलेल्या म्हशीचं दावं सोडत नाही, आणि तो हलेपर्यंत त्याची दहा वर्षांची नात शेवटच्या बोटीत बसत नाही.*

हिच्यात 29 शब्द आहेत. गंमत म्हणजे दुसऱ्या, दम लागणाऱ्या वाक्यातही 29 च आहेत. तिशीच्या आत ठेवा हा सल्ला बरोबर आहे, पण शब्द मोजून लॉगलाइन सुधारत नाही. या वाक्यात क्रियापदं तीन ठिकाणी वाचणाऱ्याला श्वास देतात, आणि एकही विशेषण भावना सांगत नाही. पात्रांची नावंही नाहीत. लॉगलाइनमध्ये ‘दत्तू आप्पा’ म्हटल्यानं काही कळत नाही, ‘म्हातारा गवळी’ म्हटल्यानं माणूस दिसतो. शेवटही सांगितलेला नाही. तो सांगायची जागा सिनॉप्सिसमध्ये आहे.

सिनॉप्सिसचा पहिला मसुदा सव्वादोन पानं भरला. त्यातलं पहिलं अर्धं पान पंचगंगा कोणत्या नद्यांची मिळून होते, गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायला लोक कसे जमतात, यावर खर्च झालं होतं. गावावरचं प्रेम समजण्यासारखं आहे. कोल्हापूरकराला कट्टा आला की थांबवत नाही. पण सिनॉप्सिस म्हणजे पडद्यावर जे दिसेल आणि ऐकू येईल ते, घडेल त्या क्रमानं, वर्तमानकाळात. कट्टा सिनेमात दिसणारच नसेल तर तो ‘कट्ट्यावर दूध घालणारे’ एवढ्या तीन शब्दांत संपतो.

माहिती कापल्यावर खालचं भोक उघडं पडलं. म्हैस आधीच का हलवली नाही? पुण्या-मुंबईचा वाचक कदाचित हे विचारणार नाही. कोल्हापूरचा निर्माता पहिल्यांदा हेच विचारेल. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 43 वर धोका पातळी, आणि त्या आकड्यांवर नजर ठेवून नदीकाठची माणसं जनावरं हलवतात. पुराचा अनुभव असलेला गवळी गाफील राहिला असं लिहिलं, तर तो मूर्ख ठरतो आणि सिनेमा तिथंच पडतो. तोडगा असा निघाला: त्यानं बाकीच्या म्हशी वेळेवर हलवल्या, आणि ही एक नेमकी वेणा सुरू झाल्यामुळे जागची हलली नाही. लॉगलाइनमधली ‘व्यायला आलेली’ म्हैस तोवर नुसती करुणा वाढवत होती, आता ती गोष्टीचं कारण झाली. आणि फुटांचे आकडे माहिती म्हणून द्यायची गरज उरली नाही. पुराची सूचना देत फिरणाऱ्या गाडीच्या भोंग्यावरून येणारा प्रत्येक आकडा घड्याळाचं काम करू लागला.

वेणा आल्या म्हणजे रेडकू जन्मणार, आणि रेडकू जन्मलं की शेवट मिळाला. पहिल्या मसुद्याचा शेवट होता: ‘म्हातारा काय निर्णय घेईल? हे पडद्यावरच पाहणं योग्य ठरेल.’ असा शेवट वाचून निर्माता एकच निष्कर्ष काढतो, की लेखकाला शेवट माहीत नाही. सिनॉप्सिस हा सिनेमाचा नकाशा असतो, जाहिरात नसते. शेवट त्यात सांगायचाच असतो.

आणखी एक ओळ सतत परत येत होती: ‘आप्पांच्या मनात जुन्या आठवणींचं काहूर माजतं.’ काहूर कॅमेऱ्याला दिसत नाही. त्याच्या जागी गोठ्यात एक रिकामी मेख आली, तिला कापलेल्या दाव्याचा तुकडा तसाच लटकलेला. नात त्याला हात लावते आणि आजोबा ओरडतात. आठवण तीच आहे, पण आता तिचा फोटो काढता येतो.

एक खास मराठी अडचण: पात्राला एकेरी लिहायचं की आदरार्थी? ‘दत्तू दावं आखूड करतो’ आणि ‘आप्पा दावं आखूड करतात’ यांत कॅमेरा वेगळ्या उंचीवर आहे. दुसऱ्या वाक्यात आपण नातीच्या डोळ्यांनी बघतो. इथं आदरार्थी घेतलं आणि शेवटपर्यंत पाळलं. अर्ध्या पानावर ‘करतो’ आणि पुढं ‘करतात’ झालं, की लेखकाचं अंतर डळमळलेलं लगेच कळतं. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं आणि बोली फक्त संवादात आली. संवादही दोनच.

पक्का झालेला सिनॉप्सिस असा:

दावं
लघुपट, 14 मिनिटं, मराठी

जुलै 2021. कोल्हापूरची शुक्रवार पेठ, संध्याकाळ. फिरत्या गाडीचा भोंगा सांगतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 41 फूट. गल्ली रिकामी होते आहे. दत्तू आप्पा (68) गंगावेशीच्या कट्ट्यावर दूध घालणारे गवळी. दोन म्हशी त्यांनी सकाळीच वरच्या पेठेत नेऊन बांधल्या आहेत. तिसरी, चंद्री, व्यायला आली आहे आणि जागची हलत नाही. गोठ्यात एक मेख रिकामी आहे, तिला कापलेल्या दाव्याचा तुकडा लटकतो आहे. नात सई (10) त्या तुकड्याला हात लावते. आप्पा तिच्यावर ओरडतात.

रात्र. पाणी उंबऱ्याला टेकतं. बोट येते. बोटवाला (30) फक्त माणसं घेणार आहे. आप्पा सईला बोटीत बसवतात. ती उतरून परत गोठ्यात येते: “तुमी आल्याबिगर मी न्हाई.” आणखी एकच फेरी होईल, असं सांगून बोट जाते.

भोंगा: 43 फूट, धोका पातळी. आप्पा चंद्रीला दगडी ओट्यावर चढवतात आणि दावं आखूड करतात. रिकामी मेख कुणाची, असं सई पुन्हा विचारते. या वेळी आप्पा सांगतात: 2019 चा पूर, हातात विळा, अंधार. “म्हटलं पवून येईल.”

वीज जाते. बॅटरीच्या उजेडात सईचा चेहरा; चंद्री व्यायल्याचं आपल्याला फक्त ऐकू येतं. ओलं रेडकू आप्पांच्या हातात. पाणी ओट्यावर चढतं. आखूड दाव्यामुळे चंद्रीला मान उचलता येत नाही. बोटीचं इंजिन ऐकू येतं. आप्पा रेडकू सईच्या मांडीवर देतात. बोटवाला नको म्हणतो, सई रेडकाला मिठी मारते, तो गप्प होतो. रेडकू रेकतं. चंद्री बोटीच्या दिशेनं दावं ताणते. आप्पा विळा काढतात. थांबतात. दावं कापतात आणि बोटीत चढतात.

बोट अंधाऱ्या गल्लीतून जाते आहे. कापलेल्या दाव्याचं टोक आप्पांच्या मुठीत आहे. मागं नुसतं पाणी वाजतं. रेडकू रेकतं. उत्तर येत नाही. सई बॅटरी मागं फिरवते: काहीच नाही. रेडकू पुन्हा रेकतं. उजेडात दोन शिंगं हलतात, बोटीच्या मागोमाग. आप्पा मूठ उघडतात. दावं पाण्यावर तरंगत मागं जातं.

हा मजकूर सव्वादोनशे-अडीचशे शब्दांच्या घरात आहे. देवनागरीत 12 च्या अक्षरात, बऱ्यापैकी समास सोडून, तो एका पानात सहज बसतो आणि खाली लॉगलाइन व संपर्काला जागा उरते. अक्षर 10 वर आणून चारशे शब्द कोंबलेलं पान सगळ्यांना ओळखू येतं. इंग्रजी पद्धतीत पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा नाव कॅपिटलमध्ये लिहितात. देवनागरीत कॅपिटल नाही, म्हणून नाव पहिल्या वेळी ठळक आणि पुढं कंसात वय. फाइल युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करून पाठवावी. जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, की चंद्रीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

परिच्छेदांची लांबी मुद्दाम असमान आहे. ओळख करून देणाऱ्या पहिल्या परिच्छेदानंतर चौथा सगळ्यांत मोठा, कारण सिनेमाचं वळण तिथं आहे: आप्पांनी सुरक्षेसाठी आखूड केलेलं दावंच म्हशीला बुडवू लागतं. पहिल्या मसुद्यात दावं आखूड करायची कृती नव्हती. तेव्हा आप्पांचं मन बदलायला सईच्या भाषणाची गरज पडत होती, दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडी पाच ओळींचं शहाणपण. दाव्याची लांबी बदलली आणि भाषण गळून पडलं.

यापुढचे प्रश्न पानावर लिहायचे नसतात, पण उत्तर जवळ हवं. निर्माता विचारणार: पूर कसा उभा करणार? पहिल्या मसुद्यात छतांवरची माणसं, तीन बोटी आणि हेलिकॉप्टर होतं. पक्क्या पानावर एक गोठा, एक गल्ली, एक बोट, तीन नट उरलेत, सगळं एका रात्रीत. गोठ्यातलं पाणी गुडघ्याच्या वर जात नाही, म्हणजे बांध घालून भरता येतं. बाकीचा पूर भोंग्याच्या आकड्यांत आणि आवाजात आहे. ‘वीज जाते’ ही ओळही अर्धी हिशेबाचीच आहे, अंधारात गल्ली कमी दाखवावी लागते.

दुसरा प्रश्न म्हशीचा. सिनेमात जनावर वापरायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, आणि सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी त्यांचं ना-हरकत पत्र मागितलं जातं. म्हणून जन्म पडद्याबाहेर घडतो. म्हशीला खरोखरच्या वाहत्या पाण्यात सोडायचा प्रश्नच येत नाही. शिंगांचा शॉट ती रोज डुंबते त्या संथ पाण्यात, मालकाच्या देखरेखीखाली घेता येतो. हे तोंडी नीट सांगता आलं, तर ‘जनावरं आणि लहान मूल दोन्ही? नको बाबा’ हे वाक्य जरा उशिरा येतं.

तिसरा प्रश्न लेखकाच्याच मनात असतो: कल्पना चोरली तर? कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहिलेल्या मांडणीला देतो. ‘पुरात म्हैस’ ही कुणाचीच मालमत्ता नाही. रिकामी मेख, आखूड दावं, रेडकाच्या मागं येणारी शिंगं, असा क्रम लिहून तारखेनिशी नोंदवलेलं पान मात्र पुरावा ठरतं. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सभासदांना सिनॉप्सिसची ऑनलाइन नोंदणी करता येते. पान बाहेर पाठवण्याआधी ती करावी, नंतर नाही.

राहिलं शीर्षक. आधीचं होतं ‘महापूर’. ते पहिल्या लॉगलाइनसारखंच होतं, विषय सांगणारं. ‘दावं’ झालं तेव्हा शेवटच्या ओळीला वजन आलं. पण महोत्सवांच्या अर्जात शीर्षक रोमन अक्षरांत लागतं, आणि तिथं `Dava` लिहिलं की हिंदी वाचक औषध समजतो, `Daava` लिहिलं तर दावा. म्हणून मूळ शीर्षकाच्या रकान्यात `Daava` आणि इंग्रजी शीर्षकाच्या रकान्यात `The Tether` असं दोन्ही भरलं.